गल्ल्यावर विकलेला जोड कोण मोजणार?

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशो अशा तिन्ही ठिकाणी कोल्हापुरी विकणाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. स्टॉक जुळवणारं सॉफ्टवेअर घ्या. एकीकडे जोड विकला की बाकी दोन्हीकडचा आकडा आपोआप उतरेल, आणि नसलेला माल विकला जाणार नाही. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. चप्पल लाईनमधल्या दुकानदाराच्या बाबतीत तर नेमका गळका भागच त्यात धरलेला नाही.

सॉफ्टवेअरला दिसतात त्या फक्त ऑनलाइन ऑर्डरी. अंबाबाईचं दर्शन आटोपून आलेलं गिऱ्हाईक रविवारी आठ नंबरची कापशी पायात घालून, रोख पैसे देऊन निघून जातं, ते त्याला कुठून कळणार? मांडणीवर चार जोड होते, तीन उरले. पडद्यावर मात्र चारच. म्हणजे तीन बाजारपेठा बिनचूक जुळल्या आहेत, पण एका चुकीच्या आकड्याशी. न जुळणारी चौथी बाजारपेठ म्हणजे आपलाच गल्ला.

दुसरा पक्ष म्हणतो, मग माल वाटूनच टाका ना! दोन जोड इकडे, एक तिकडे, एक पलीकडे. हा सल्ला कारखान्याच्या बुटांना शोभेल. हाताने शिवलेल्या चपलेत पाच प्रकार आणि पाच नंबर धरले तरी पंचवीस खण होतात आणि एकेका खणात तीन-चारच जोड असतात. ते तिघांत वाटले की एकीकडे ‘संपले’ अशी पाटी लागते आणि तोच नंबर दुसरीकडे पडून राहतो.

तरीही वाटणी पूर्णपणे टाकाऊ नाही. ती चुकीच्या जागी केली जाते, एवढंच. जिथे मोजणी आपोआप होऊ शकते त्या तीन बाजारपेठांमध्ये वाटू नये. जिथे ती होत नाही, तिथे मात्र वाटावंच: ऑनलाइनची मांडणी वेगळी आणि गल्ल्याची वेगळी. गिऱ्हाइकासाठी ऑनलाइनचा जोड काढायचाच असेल, तर आधी आकडा उतरवायचा आणि मग जोड हातात द्यायचा. हा क्रम उलटला की सगळं मुसळ केरात.

आता आकडा काढायचा कसा? बहुतेकांची वजाबाकी कुरियरवाला पार्सल उचलतो तेव्हा होते. इथेच घोळ आहे. समजा शनिवारी रात्री नऊला मांडणीवर चार जोड मोजले आणि चारचीच फाइल चढवली. त्यातला एक जोड संध्याकाळीच ॲमेझॉनवर विकला गेला आहे, फक्त बांधायचा राहिला आहे. ॲमेझॉनने आपल्या बाजूने चाराचे तीन केलेले होते. आपली फाइल त्यावर पुन्हा चार लिहिते. विकलेला जोड परत जिवंत होतो! फाइल वजाबाकी करत नाही, आधीचा आकडा पुसून नवा बसवते, हे ध्यानात नसलेले अनेक जण मग दोष सॉफ्टवेअरला देतात. म्हणून हिशेब असा: मांडणीवरचे चार, त्यातून ऑर्डर आलेला पण न गेलेला एक वजा, आणि राखीव एक वजा. तिन्हीकडे दाखवायचे दोन.

राखीव कशाला, धंदा का सोडायचा, असा आक्षेप येईल. सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी विचारपूस करतं. एरवी तेवढ्या वेळात एकाच नंबरच्या दोन ऑर्डरी क्वचितच येतात, पण सेलच्या दिवशी नक्की येतात. शिवाय ॲमेझॉनवर विक्रेत्याने स्वतः पाठवायच्या ऑर्डरींपैकी त्याने रद्द केलेल्यांचं प्रमाण 2.5 टक्क्यांच्या आत राहावं लागतं, आणि हिशेब सात दिवसांचा असतो. आठवड्याला चाळीस ऑर्डरी असणाऱ्याची एक रद्द झाली की तो त्या रेषेवरच येऊन ठेपतो. मोठ्या विक्रेत्याला तेवढी एक चूक जाणवतही नाही. बरं, कमी पडलेला जोड उद्या शिवून देऊ म्हणावं, तर पावसाळ्यात कातडं वाळेल तेव्हा खरं. राखलेला जोडही वाया जात नाही: ऑनलाइनचा आकडा शून्य दिसू लागला की तो गल्ल्यावर मांडावा, पर्यटक घेऊन जातो.

राहिला परतावा. काही ठिकाणी परतीची नोंद झाली की स्टॉकमध्ये एकची भर पडते. जोड मात्र अजून कुरियरच्या गोणीत असतो. आल्यावरही कधी तळ झिजलेला, कधी डावी आठची आणि उजवी नऊची. पुडकं उघडून दोन्ही पायांचे नंबर पाहिल्याशिवाय भर घालू नये, आणि सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआपची सोय असेल तर बंदच करावी.

गळती नेमकी कुठे आहे हे ओळखायला रोज रात्री एकच प्रकार हाताने मोजून, त्यातून न गेलेल्या ऑर्डरी आणि राखीव वजा करून येणारा आकडा पडद्याशी ताडून पाहिला तरी पुरतं. या हिशेबाने मांडणीवर कमी आणि पडद्यावर जास्त असेल, तर आधी गल्ला तपासा, मग परतीच्या नोंदी. उलट असेल, म्हणजे मांडणीवरच जास्त, तर बहुधा आलेला परतावा चढवायचा राहिला आहे किंवा नवा माल नोंद न करताच मांडला आहे. त्यात विक्री बुडते, ऑर्डर रद्द होत नाही.