श्वासाच्या मापाने संगीत

घाटकोपर पूर्वेच्या एखाद्या सोसायटीच्या सभागृहात सकाळी सहाला भरणारा योगवर्ग डोळ्यांसमोर आणावा. वीस-बावीस सतरंज्या, बहुतेक मंडळी पन्नाशीच्या पुढची, काही जण वर्ग आटोपून थेट पेढीवर जाणारे. शिक्षिकाबाईंनी फोनवर बासरीचे तीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण लावले आहे आणि पहिली पंधरा मिनिटे सारे उत्तम चालले आहे. मग शवासन सुरू होते, अंग सैल पडते, आणि नेमक्या त्याच क्षणी ध्वनिमुद्रणात तबला उठतो. दोन-तीन जणांच्या पापण्या हलतात, कोपऱ्यातले एक गृहस्थ डोळे उघडून घड्याळाकडे पाहतात आणि मागच्या रांगेत कोणाचा तरी अंगठा ठेका धरू लागतो. संगीत वाईट नव्हते, वादकही थोर होता. चूक निवडीत होती.

शास्त्रीय रागवादनाची घडण ज्याला ठाऊक आहे त्याला ही चूक आधीच दिसली असती. आलाप मंद्र सप्तकातून सुरू होतो आणि सावकाश वर चढत तार षड्जाला पोहोचतो. त्यानंतर जोड येतो, लय बांधली जाते, तबल्यासह गत सुरू होते, ती द्रुत होते आणि तंतुवाद्य असेल तर शेवटी झाला येतो. सारी मांडणी श्रोत्याला हळूहळू जागे करत नेणारी असते. वर्गाचा क्रम याच्या नेमका उलट असतो, कारण तेथे हालचालीकडून स्थैर्याकडे जायचे असते. म्हणून संपूर्ण ध्वनिमुद्रण आरंभापासून शेवटपर्यंत लावणे हे मैफलीला योग्य असले तरी ध्यानाला नाही. बासरीच्या त्याच ध्वनिमुद्रणातील पहिली आठ-दहा मिनिटे, जेथे स्वर खालच्या व मधल्या सप्तकातच फिरत आहेत, तेवढीच कापून घेतली तर ती वर्गाच्या उपयोगी पडतात.

लयीचा विचार करताना जैन वाचकांना परक्या मापाकडे जाण्याचे कारण नाही. कायोत्सर्गाचे मापच मुळी श्वासोच्छ्वासांत सांगितलेले आहे. लोगस्सच्या सहा गाथा आणि सातव्या गाथेचा पहिला चरण धरला तर पंचवीस चरण होतात आणि एका चरणाला एक श्वासोच्छ्वास, म्हणून एका लोगस्सचे पंचवीस उच्छ्वास. नवकाराचे आठ. संवत्सरी प्रतिक्रमणातील चाळीस लोगस्स आणि एक नवकार यांचे १००८ उच्छ्वास याच हिशेबाने भरतात. काळ मोजण्याचे साधन येथे बाहेरचा ठोका नसून स्वतःचा श्वास आहे, आणि ध्यानासाठी संगीत निवडणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी पहिली गोष्ट हीच आहे.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो असे धरले, तर पंचवीस उच्छ्वासांना पावणेदोन मिनिटेही लागत नाहीत. तोच माणूस प्राणायामाच्या सवयीने मिनिटाला सहा श्वासांवर आला की त्याच पंचवीस उच्छ्वासांना चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. एका खोलीत हे दोघे शेजारी बसलेले असतात. मिनिटाला साठ ठोक्यांचे संगीत लावले तर दुसऱ्याचे सुरेख जुळते: चार ठोक्यांत पूरक, सहा ठोक्यांत रेचक, दहा सेकंदांचा एक श्वास. पहिल्याची मात्र ओढाताण होते. तो ठोक्याच्या मागे धावतो, मध्येच एक श्वास तोंडाने घेतो, खांदे वर उचलतो. शिक्षकाने खूण ओळखायची ती हीच: वर्गात उसासे ऐकू येऊ लागले की लय कोणाला तरी जाचते आहे.

यावरून निघणारा व्यवहार सरळ आहे. आसनांच्या वेळी, जेथे सर्वांनी एकत्र वाकायचे व उठायचे असते, तेथे मिनिटाला साठच्या आसपासचा मंद, एकसारखा ठेका चालतो आणि उपयोगीही पडतो. प्राणायाम, प्रेक्षा किंवा शवासन यांत ठेका मुळीच नको. तेथे असा नाद हवा की ज्याला गती नाही, म्हणजे प्रत्येकाचा श्वास आपल्या चालीने चालू शकेल.

असा नाद आपल्याकडे फार पूर्वीपासून सिद्ध आहे, तो तानपुऱ्याचा. मिरजेच्या कारागिरांनी ज्याची कीर्ती देशभर नेली त्या या वाद्याला चार तारा. पहिली सहसा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली घातलेला सुताचा दोरा नीट बसून जवारी जुळली की छेडलेली तार लगेच विझत नाही. तिचा नाद फुलतो आणि पुढच्या तारेच्या नादात मिसळतो. कोणता आघात कोठे झाला हे कानाला वेगळे काढता येत नाही, आणि ध्यानाला हवे ते हेच. संतूरची गोष्ट याउलट आहे. कलमांचा प्रत्येक आघात स्पष्ट, टपोरा असतो. वाद्य गोड, परंतु कान प्रत्येक थेंब मोजत बसतो. आसनांना ते साजते, शवासनाला नाही. सारंगीचे दुखणे आणखी वेगळे. आकाशवाणीवर दुखवट्याच्या दिवसांत सारंगी ऐकलेल्या पिढीला तिचा पहिला स्वर कानी पडताच कोण गेले असेल याचीच आठवण येते. वाद्याचा त्यात काही दोष नाही, पण वर्गात तीच पिढी बसलेली असते.

स्तवनांबद्दलही येथे स्पष्ट बोलायला हवे. भक्तीसाठी ती आहेतच आणि देरासरात त्यांचे स्थान अढळ आहे. परंतु ओळखीचे शब्द आले की मन पुढची ओळ आधीच म्हणू लागते, आणि चाल एखाद्या जुन्या चित्रपटगीतावरून घेतलेली असेल, जी अनेकदा असते, तर डोळे मिटलेल्या माणसाला भगवंताऐवजी नायक-नायिका दिसू लागतात. वर्ग संपल्यावर कोणी ती चाल गुणगुणत जिना उतरला तर समजावे की संगीताने लक्ष ओढून घेतले होते.

दचकण्याचे मूळ आवाजाच्या मोठेपणात जितके आहे त्याहून त्याच्या अचानकपणात आहे. घाटकोपर किंवा अंधेरीला वरून जाणाऱ्या विमानाचा आवाज मोठा असतो, परंतु तो दुरून वाढत येतो आणि ओसरतो. नित्याच्या कानाला त्याचे काही वाटत नाही. उलट पूर्ण शांततेत वाजलेली फोनची एक टिंग सारा वर्ग हलवते. म्हणून ध्वनिमुद्रण निवडताना पहिल्या दोन मिनिटांवरून मत करू नये. ते घरी एकदा शेवटपर्यंत ऐकावे, तेही डोळे मिटून आणि कमी आवाजात, आणि जेथे आपले लक्ष अचानक संगीताकडे गेले ती वेळ कागदावर लिहावी: नवे वाद्य आले, कोरस उठला, स्वर एकदम टिपेला गेला, किंवा मध्येच सारे थांबून पुन्हा सुरू झाले. दहा मिनिटांत अशा दोन जागा सापडल्या तरी तो भाग बाजूला ठेवावा.

एक दोष ऐकताना सहसा सुटतो. पाच मिनिटांचा तानपुरा पुन्हापुन्हा फिरवून वाजवला की प्रत्येक जोडावर क्षणभराची पोकळी पडते. दुसऱ्या फेरीत ती कानाला कळते आणि तिसऱ्या फेरीत मन तिची वाट पाहू लागते. यापेक्षा सलग तासाभराचे ध्वनिमुद्रण घ्यावे, किंवा एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात विरघळवणारी सोय फोनमध्ये असल्यास ती चालू करावी. ध्वनिमुद्रण आधी उतरवून ठेवावे आणि फोन विमान-स्थितीत टाकावा. नाहीतर मध्येच जाहिरात ठरलेली. फोनच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकातून खर्ज उमटत नाही, नुसती जवारीची झिणझिण उरते आणि ती काही वेळाने बोचते. वीतभर लांबीचा साधा स्पीकरही पुरतो, पण तो कोणाच्या उशाशी न ठेवता भिंतीकडे तोंड करून ठेवावा. शिक्षिकेचे नेहमीच्या आवाजातले बोलणे शेवटच्या रांगेत सहज ऐकू आले म्हणजे आवाजाचे प्रमाण बरोबर.

आता घाटकोपरच्या त्या वर्गाची पंचेचाळीस मिनिटे पुन्हा मांडता येतील. पहिली पाच मिनिटे केवळ तानपुरा, मंडळी येऊन बसेपर्यंत. पुढची वीस मिनिटे आसने; येथे मंद ठेक्याचे संतूर किंवा बासरी चालेल, पण विसाव्या मिनिटाआधीच आवाज हाताने हळूहळू उतरवावा, एकदम बंद करू नये. त्यानंतर दहा मिनिटे प्राणायाम, पुन्हा तानपुरा. मग सात मिनिटे शवासन; तेथे बासरीचा तो कापून घेतलेला आलाप त्याच तानपुऱ्याच्या पट्टीत असेल तर ठीक, नसेल तर तो लावूच नये, कारण षड्ज बदलला की खोलीच बदलल्यासारखे वाटते. उरलेली तीन मिनिटे काहीही नाही.

ही शेवटची तीन मिनिटे शिक्षकांना सर्वांत अवघड जातात. काहीतरी वाजत राहावे असे वाटते. इटलीतील पाव्हिया येथील डॉ. लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चोवीस जणांना निरनिराळ्या प्रकारचे संगीत ऐकवले होते. लय जलद असता श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले, हे अपेक्षितच होते. मात्र संगीताच्या मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत हे सारे संगीत सुरू होण्यापूर्वीच्या पातळीच्याही खाली उतरले. विश्रांती संगीतानंतरच्या मौनात अधिक मिळाली. प्रयोग लहान होता, तरी वर्गाची शेवटची मिनिटे मोकळी सोडायला एवढा आधार पुरे आहे.

सामायिकाचा प्रश्न याहून वेगळा आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात विजेची उपकरणे अनेक परंपरांत वर्ज्य आहेत, कारण त्यात तेजस्कायाच्या जीवांची विराधना मानली जाते. तेथे फोन किंवा स्पीकर यांचा विचारही करू नये आणि शंका असल्यास महाराजसाहेबांना विचारावे. प्रेक्षाध्यानाच्या आरंभी केला जाणारा महाप्राण ध्वनी हा आपल्याच कंठातून निघणारा गुंजारव आहे. त्याला विजेची गरज नाही, आणि प्रत्येकाचा गुंजारव त्याच्या स्वतःच्या श्वासाइतकाच लांब असतो. मुलुंड किंवा बोरिवलीच्या ज्या वर्गात शिबिरातून शिकून आलेली दोन-चार मंडळी असतील, तेथे प्राणायामाआधी तानपुरा बंद करून नऊ वेळा हा ध्वनी करून पाहावा. पंधरा-वीस कंठांचे स्वर आरंभी वेगवेगळे लागतात आणि काही आवर्तनांनंतर, कोणी न सांगता, जवळजवळ येतात.