दुर्गापुऱ्यातील मराठी रहिवाशांस औषधांच्या किमतीसंबंधी एक निवेदन

या पत्रकाचा लेखक वैद्य नाही, औषधविक्रेता नाही, कोणत्याही पक्षाचा वा मंडळाचा पदाधिकारी नाही. तो टोंक रस्त्यालगत दीर्घकाळ वास्तव्य केलेला, निवृत्तिवेतनावर निर्वाह करणारा आणि आम्लपित्ताच्या विकारामुळे रोज सकाळी अनशेपोटी एक गोळी घेणारा सामान्य गृहस्थ आहे. गेल्या महिन्यात त्याच्या मेजावर योगायोगाने एकाच गोळीच्या तीन पट्ट्या एकत्र आल्या आणि त्यांच्या पावत्या शेजारी मांडून हिशेब केल्यावर जी तफावत नजरेस आली, ती स्वतःपाशी ठेवणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटले, एवढेच या छपाईचे प्रयोजन.

तिन्ही पट्ट्यांत पँटोप्राझोल 40 मिलिग्रॅम हेच द्रव्य होते. पहिली पट्टी नामांकित छापाची, 15 गोळ्यांची, 162 रुपयांची. दुसरी जवळच्याच एका दुकानातली. दुकानदाराने "बाबूजी, यह जेनेरिक है, वही चीज़ है" असे सांगून, पट्टीवरील 110 रुपयांतून शेकडा 20 सवलत कापून, 10 गोळ्या 88 रुपयांस दिल्या, आणि आपण मोठाच व्यवहार साधला या समाधानात मी घरी आलो. तिसरी पट्टी भाचीने जनऔषधी केंद्रातून आणली होती. 10 गोळ्या, 22 रुपये. पट्ट्या सारख्या गोळ्यांच्या नसल्यामुळे नुसत्या रकमा ताडून पाहणे व्यर्थ असते, म्हणून प्रत्येकीस गोळ्यांच्या संख्येने भागले: पहिलीची गोळी 10 रुपये 80 पैशांस, दुसरीची 8 रुपये 80 पैशांस, तिसरीची 2 रुपये 20 पैशांस पडली. महिन्याच्या 30 गोळ्यांचा खर्च अनुक्रमे 324, 264 आणि 66 रुपये. म्हणजे ज्या सवलतीने मी हुरळलो होतो तिने मला महिना 60 रुपये वाचवून दिले, आणि त्याच द्रव्यात वाचण्याजोगे आणखी 198 रुपये मधल्यामध्ये कोठेतरी राहून गेले.

ते कोठे राहिले, हा या पत्रकाचा खरा विषय आहे. कारण "जेनेरिक स्वस्त, ब्रँडेड महाग" एवढेच सुभाषित पाठ करून जो दुकानात जातो, तो माझ्यासारखाच फसतो. वस्तुतः आपल्या बाजारातील बहुसंख्य नामांकित गोळ्याही शास्त्रीय अर्थाने जेनेरिकच असतात: मूळ संशोधकाच्या एकाधिकाराची मुदत संपल्यावर ते द्रव्य करण्याचा परवाना कोणासही मिळू शकतो, आणि मग एकच द्रव्य डझनावारी नावांनी विकले जाते. त्यांतील काही नावांचा प्रचार कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारी जाऊन करतात. काहींचा कोणीच करत नाही, ती नावे घाऊक व्यापाऱ्याकडून थेट दुकानदाराच्या फळीवर येतात, आणि व्यापारी त्यांनाच बोलीभाषेत जेनेरिक म्हणतात. या दुसऱ्या प्रकारात प्रचाराचा खर्च वाचतो हे खरे, परंतु तो वाचलेला पैसा ग्राहकाला मिळाला पाहिजे असा कोणताही निर्बंध नाही. पट्टीवर छापायची कमाल किंमत नामांकित मालाच्या आसपास ठेवायची, दुकानदाराला ती पट्टी त्या किमतीच्या लहानशा अंशात द्यायची आणि उरलेल्या रुंद फटीतून थोडी सवलत ग्राहकाच्या हातावर ठेवायची, अशी ही मखलाशी आहे. शेकडा 20 सवलतीची पाटी पाहून ज्याला दुकानदार उदार वाटतो, त्याने तो सवलत कशातून देतो एवढे मनाशी विचारावे. सरकारने ज्या अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वये ठरविलेली आहे, त्यांना निदान वरचे छत आहे. इतर औषधांना वर्षाकाठी शेकडा 10 पेक्षा अधिक वाढ करता येत नाही एवढाच लगाम, आणि प्रारंभीची किंमत ठरविणे बव्हंशी उत्पादकाच्या मर्जीवर.

या भागातील जुन्या माणसांना मी एक घरचा दाखला देतो. आपल्या दुर्गापुऱ्याच्या कृषी संशोधन केंद्राने गव्हाचे जे वाण काढले, त्यांतील राज 3077 हे नाव राजस्थानातल्या शेतकऱ्याला पाठ आहे. तो बियाणे घेताना पिशवीवर कोणाचा शिक्का आहे हे पाहील, परंतु आधी वाणाचे नाव वाचेल, मग पिशवीतले किलो मोजेल आणि शेवटी भाव विचारील. दोन बिघे जमीन कसणाऱ्याला जे उपजत कळते, ते आपण सुशिक्षित लोक औषधाच्या दुकानात नेमके विसरतो आणि शिक्क्याच्या नावाने माल मागतो.

तेव्हा पट्टी हाती घेतल्यावर काय वाचावे? व्यापारी नावाच्या जवळपास द्रव्याचे नाव असते. 2018 पासून ते व्यापारी नावापेक्षा ठळक छापण्याचा नियम आहे, सबब ते शोधण्यास चष्म्याखेरीज अन्य साधन लागत नाही. त्याखाली घटकांचा मजकूर असतो आणि फसगत बहुधा तेथेच होते. माझ्या शेजारच्या वहिनींनी हीच गोळी स्वस्तात आणल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्या पट्टीवर पँटोप्राझोलच्या पुढे डोम्पेरिडोन हे दुसरे द्रव्य दिसले; ते त्यांच्या चिठ्ठीत नव्हते. नावाच्या शेपटीला लागलेले 'डी' किंवा 'डीएसआर' हे अक्षर म्हणजे निराळे औषध होय, आणि ते रुपयाने स्वस्त असले तरी तुलनेस अपात्र होय. उलट, डॉक्टरांनीच दोन द्रव्यांची गोळी दिली असेल, तर एका द्रव्याची स्वस्त गोळी तिच्या जागी चालत नाही.

दुसरा सापळा अधिक सूक्ष्म आहे आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी तो अवश्य ध्यानी घ्यावा. मेटोप्रोलोल हे औषध सक्सिनेट आणि टार्टरेट अशा दोन क्षारांच्या रूपाने मिळते. सक्सिनेटची सावकाश विरघळणारी गोळी दिवसातून एकदा घेतात. टार्टरेटची साधी गोळी लवकर विरघळते आणि तिचा अंमल लवकर ओसरत असल्याने ती सामान्यतः दिवसातून एकाहून अधिक वेळा घ्यावी लागते. मौज अशी, की सक्सिनेटच्या पट्टीवरच "मेटोप्रोलोल सक्सिनेट 47.5 मिलिग्रॅम, मेटोप्रोलोल टार्टरेट 50 मिलिग्रॅमशी समतुल्य" असे छापलेले असते; घाईत वाचणारा त्यातला 'टार्टरेट 50' हा शब्द उचलतो, त्या नावाची स्वस्त गोळी घेतो आणि पूर्वीप्रमाणे दिवसाला एकच गिळतो. द्रव्य जुळले, आकडा जुळला, भावही उतरला. मात्र संध्याकाळी रक्तदाब चढला. म्हणून द्रव्य, त्याचा क्षार, मिलिग्रॅम आणि गोळी साधी की सावकाश विरघळणारी, या चारही गोष्टी जुळल्यानंतरच भागाकाराला बसावे.

स्वस्त ते कमअस्सल, असा आक्षेप मला आमच्याच घरात ऐकावा लागला. तो सर्वस्वी निराधार नाही. गोळी महाग असो वा स्वस्त, तिला भारतीय औषधकोशाच्या त्याच कसोट्या लागू असतात, आणि पुष्कळदा एकाच कारखान्यात निरनिराळ्या नावांच्या पट्ट्या भरल्या जातात. पट्टीवर 'उत्पादक' आणि 'विपणन' ही दोन नावे वेगळी छापलेली आढळली, तर नामांकित कंपनीने तो माल दुसऱ्याकडून करवून घेतला आहे असे समजावे. तथापि गोळीतले द्रव्य रक्तात मूळ औषधाइतक्याच प्रमाणात उतरते की नाही, याची परीक्षा कमी विरघळणाऱ्या औषधांच्या नव्या परवान्यांस सक्तीची झाली ती 2017 साली. त्यापूर्वीच्या परवान्यांबाबत ती ग्वाही सरसकट देता येत नाही. म्हणून अपस्मारावरील फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, थायरॉइडची गोळी यांसारख्या औषधांत, जेथे मात्रेचा अल्पसा फरकही बाधतो, तेथे पैशासाठी दर महिन्याला छाप बदलणे मी स्वतः करणार नाही. बदलायचाच तर डॉक्टरांस सांगून एकदा बदलावा, रक्ताची तपासणी करावी आणि मग तोच छाप कायम ठेवावा. आम्लपित्ताच्या गोळीची गोष्ट निराळी आहे. (ती गोळी वर्षानुवर्षे घेण्याची खरोखर आवश्यकता आहे काय, हा प्रश्नही डॉक्टरांस विचारण्यासारखा आहे, मी तो सहा वर्षे विचारला नव्हता.)

द्रव्याच्या नावाने औषध घेण्याचे नावीन्य या प्रांताला तरी वाटू नये. चित्तोडगडचे जिल्हाधिकारी असताना डॉ. समित शर्मा यांनी द्रव्याच्या नावाने निविदा मागवून सहकारी उपभोक्ता भांडारांतून औषधे अल्प दरात उपलब्ध केली, आणि पुढे 2 ऑक्टोबर 2011 पासून राजस्थानच्या शासकीय रुग्णालयांत मोफत औषध योजना अमलात आली. द्रव्याच्या नावाने खरेदी केल्यास किंमत किती खाली येते, याचा दफ्तरी पुरावा याच राज्यात आहे. परंतु खाजगी दवाखान्याच्या उंबऱ्याशी हा धडा थांबतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2 ऑगस्ट 2023 रोजी डॉक्टरांना औषधे द्रव्याच्या नावाने लिहिणे बंधनकारक करणारे नियम प्रसृत केले, आणि 23 ऑगस्टला ते तहकूबही केले. एकवीस दिवसांत गणपतीची मूर्तीही रंगून होत नाही.

दुकानदाराकडून बदल करवून घेऊ असे कोणी म्हणेल, तर तेथेही वाट अडलेली आहे. पट्टीवर तांबडी रेघ असलेल्या, चिठ्ठीवाचून न मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत, चिठ्ठीत लिहिलेल्या छापाऐवजी त्याच द्रव्याची दुसरी गोळीदेखील विक्रेत्याने स्वतःच्या अखत्यारीत देऊ नये, असा औषधनियमांतील 65 व्या नियमाचा दंडक आहे. म्हणजे डॉक्टर छाप लिहिणार, दुकानदार छाप बदलू शकणार नाही, आणि जो दुकानदार तरीही बदलतो तो बहुधा स्वतःच्या फायद्याचीच पट्टी काढतो, ही माझी दुसऱ्या पट्टीची हकिकत. सबब किल्ली चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हाती आहे, आणि ती त्याच्याकडे मागितल्यावाचून मिळत नाही.

मी गेल्या सोमवारी तिन्ही पट्ट्या व तिन्ही पावत्या घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, घटकांच्या ओळीवर बोट ठेवून मनाशी वाचले, आणि चिठ्ठीवरचे छापाचे नाव खोडून मोठ्या अक्षरांत नुसते 'पँटोप्राझोल 40' असे लिहिले. मग चिठ्ठी पुढे सरकवीत हिंदीत म्हणाले की हे आपण आधी मागितले असते, तर आधी लिहिले असते.