डाव्या हाताची सवय आणि उजवीकडचा रस्ता

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतून एखादा तरी माणूस आखातात नोकरीला असतो. पूर्वी आपण त्याची वाट पाहायचो, आता व्हिजिट व्हिसा काढून त्याच्याकडे जातो. तिथे गेल्यावर दोन-चार दिवसांनी घरातला कोणीतरी म्हणतोच, "भाड्याने गाडी घेऊ या, मी चालवतो. गावाकडे घाट उतरवतो, इथले रस्ते काय, लोण्यासारखे!" रस्ते लोण्यासारखे असतात हे खरे. पण ओमान, सौदी, दुबई, कतार, कुवेत, बहरीन या सगळ्या ठिकाणी वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि चालक गाडीत डावीकडे बसतो. म्हणजे आपल्या नेमके उलट. घाट उतरवण्याचे कसब तिथे कामाला येते, पण हातापायांत मुरलेली सवय आडवी येते. ती नेमकी कुठे आडवी येते, ते आज पाहू.

आधी कागदाचे काम. भारतातून निघण्यापूर्वी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्यावे. नमुना ४अ भरायचा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स त्याच्यासोबत लागतेच. हे परमिट आपल्याच देशात मिळते, म्हणून तिकडे पोहोचल्यावर आठवून उपयोग नाही.

माझा चिपळूणचा भाचा गेल्या हिवाळ्यात मस्कतला आपाकडे गेला होता. तिथून सगळे निझवाचा किल्ला पाहायला निघाले, साधारण १६० किलोमीटर. गाडी भाड्याची, ऑटोमॅटिक. भाचा गेली बारा वर्षे गाडी चालवतो, हात चांगला आहे. त्याचा त्या दिवशीचा प्रवास मी त्याला खोदून खोदून विचारला, कारण अशा गोष्टी पुस्तकात कमी आणि माणसाच्या तोंडी जास्त सापडतात.

पहिली गंमत पार्किंगमध्येच झाली. तो सवयीने उजव्या दाराशी गेला. आपा तिथे आधीच बसलेली. डाव्या दाराने आत बसला, पट्टा शोधायला हात उजव्या खांद्यावर गेला, पट्टा डाव्या खांद्याशी. मधला आरसा पाहायला मान डावीकडे वळली, आरसा उजवीकडे वर. बाहेर पडताना वळणाचा दिवा द्यायला उजव्या हाताची काडी दाबली आणि कोरड्या काचेवर वायपर खरखरू लागले. मागून दुल्हेभाई म्हणाले, "अरे, काच पुसतोयस की वळतोयस?" आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत दिव्याची काडी उजवीकडे असते, तिकडच्या गाड्यांत डावीकडे. एवढे मात्र लक्षात ठेवा की पायांखाली काहीही बदलत नाही. ब्रेक ॲक्सिलरेटरच्या डावीकडेच राहतो, तिकडेही आणि इकडेही. मॅन्युअल गाडी मिळाली तर गिअर मात्र उजव्या हाताने टाकावे लागतात, म्हणून पहिल्यांदा ऑटोमॅटिकच मागावी. शिकायच्या गोष्टींतली एक तरी कमी होते. वायपरची चूक हसण्यावारी जाते, पण ती गर्दीच्या सिग्नलवर होऊ नये म्हणून गाडी ताब्यात घेतल्यावर पाच-दहा मिनिटे उभ्या गाडीतच सगळे बोटांखालून घालावे.

खरी अडचण पुढे सुरू होते आणि ती चालकाला स्वतःला दिसत नाही. भाचा मोठ्या रस्त्याला लागला आणि दहा मिनिटांत उजवीकडे बसलेली आपा आक्रसून गेली. गाडी सारखी उजवीकडे सरकत होती. त्याला वाटे आपण लेनच्या बरोबर मधे आहोत, आपाला वाटे आपण शेजारच्या ट्रकला घासणार. दोघांचेही डोळे ठीक होते. हिशेब असा आहे. लेन समजा ३.६ मीटर रुंद आणि गाडी १.८ मीटर, म्हणजे गाडी मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना ९० सेंटीमीटर जागा उरते. भारतात चालक गाडीच्या मध्यापासून साधारण ३५ सेंटीमीटर उजवीकडे बसतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचे शरीर लेनच्या मध्यापेक्षा तेवढे उजवीकडे असले की त्याला गाडी बरोबर वाटते. आता तो गाडीच्या मध्यापासून ३५ सेंटीमीटर डावीकडे बसला आहे, पण शरीर मात्र लेनमधल्या जुन्याच जागी नेऊन ठेवतो. म्हणजे गाडी ७० सेंटीमीटर उजवीकडे सरकली. उजवीकडे उरले फक्त २० सेंटीमीटर, आणि ते बाहेर आलेल्या आरशातच संपले.

म्हणूनच आपल्याकडच्या माणसाने तिकडे चालवलेल्या भाड्याच्या गाडीचा उजवा आरसा आणि उजव्या चाकांच्या रिम खरचटतात, कारण पदपथाची कड त्या बाजूला असते. विम्याच्या पुष्कळ करारांत टायर आणि रिमचे नुकसान धरलेले नसते. गाडी घेताना चारही रिमचे फोटो काढून ठेवावेत, उजव्या दोहोंचे आधी.

याला इलाज सोपा आहे. सरळ रस्ता लागला की दोन्ही बाजूंच्या आरशांत क्षणभर पाहावे, लेनच्या पांढऱ्या रेषा दोन्हीकडे सारख्याच अंतरावर दिसतात का. डावी रेषा आपल्याला नको इतकी जवळ वाटेल. ती तशी वाटली पाहिजे. शेजारी बसलेल्या माणसाला एकच काम द्यावे: गाडी उजवीकडे सरकली की "उजवीकडे" एवढा एकच शब्द बोलायचा. आपाने ते काम घेतले आणि अर्ध्या तासात तिला बोलावे लागेनासे झाले.

मोठ्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट आपल्या माणसाला नडते. सावकाश जायचे तर डावीकडून, हे आपण लहानपणापासून ऐकले आहे. नवखा माणूस बिचारा अदबीने डावीकडच्या लेनमध्ये जातो आणि ऐंशीच्या वेगाने चालवतो. तिकडे तीच सर्वांत वेगवान लेन. मागून येणारी गाडी दिवे मारू लागते, हा घाबरून आणखी हळू होतो. सावकाश जायचे तर उजवीकडची लेन, ओव्हरटेक डावीकडून, आणि महामार्गावरून उतरण्याची वाटही साधारणपणे उजवीकडे. ज्याला मागून सारखे दिवे दिसत आहेत, त्याने रागावण्याआधी आपण कुठल्या लेनमध्ये आहोत ते पाहावे.

ओमानमध्ये राउंडअबाउट पुष्कळ. आपल्याकडे चौकातल्या गोलाला डावीकडून, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा घालतात. तिकडे उलट. गोलात आधीपासून असलेल्या गाड्या आपल्या डाव्या हाताकडून येतात आणि हक्क त्यांचा असतो. आपली मान आपोआप उजवीकडे वळते, तिथे रस्ता मोकळा दिसतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर पडतो. म्हणून आत शिरण्यापूर्वी थांबून डावीकडे पाहायचे. पायी रस्ता ओलांडतानाही हेच. मुलांना जाण्यापूर्वीच शिकवावे की पहिली गाडी डावीकडून येईल. गाडी कडेला लावल्यावर मुलांना उजव्या दारानेच उतरवावे. डावे दार वाहत्या रस्त्यावर उघडते.

एवढे सगळे गर्दीत जमून जाते, कारण पुढच्या गाडीच्या मागे माणूस आपोआप बरोबर जातो. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर. किल्ला पाहून झाला, जेवण झाले, दुपारच्या वेळी ही मंडळी निझवाजवळच्या एका छोट्या गल्लीतून दुभाजक नसलेल्या रस्त्यावर आली. रस्ता ओस. डावीकडे वळायचे होते. आपल्याकडे डावे वळण म्हणजे कड धरून छोटेसे वळण. भाच्याने तसेच घेतले आणि गाडी समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये गेली. सकाळपासून दोनशे किलोमीटर नीट चालवून झाले होते, पोट भरलेले, गप्पा रंगलेल्या. आपा मागे वळून मुलीला पाणी देत होती. तिकडे डावे वळण मोठे असते. समोरून येणाऱ्यांची लेन ओलांडून पलीकडच्या लेनमध्ये जायचे. उजवे वळण ते छोटे.

त्याला कळले कसे? त्याच्या दाराशी खडी आणि झुडपे दिसू लागली. ही खूण पाठ करण्यासारखी आहे. बहुतेक सगळ्या देशांत चालक रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला बसवलेला असतो. मधली रेषा किंवा दुभाजक आपल्या दाराशी असेल तर आपण बरोबर, रस्त्याची कड आपल्या दाराशी आली तर चुकलो. भाच्याने वेग कमी केला, उजवा दिवा दिला आणि गाडी आपल्या बाजूला आणली. समोरून कोणी आले नाही, अल्हम्दुलिल्लाह.

आले असते तर? इथे सवय सर्वांत वाईट सल्ला देते. समोरून गाडी अंगावर आली की भारतीय चालकाचे हात डावीकडे वळतात, कारण वाचण्याची जागा आपल्याकडे डावीकडे असते. तिकडचा चालक त्याच क्षणी आपल्या उजवीकडे वळेल, आणि त्याची उजवी म्हणजे समोरासमोर आपली डावी. दोघेही एकमेकांना चुकवायला एकाच बाजूला जातील. म्हणून आधी जोराचा ब्रेक, स्टिअरिंग सरळ, आणि सरकावेच लागले तर उजवीकडे. हे त्या क्षणी सुचत नाही. निघण्यापूर्वी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून ठेवलेले असेल तर कदाचित सुचते.

जाता जाता स्वीडनची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. त्यानंतरच्या काळात अपघात वाढले नाहीत, उलट कमी झाले, कारण सगळेच जपून चालवत होते. लोक सरावले तसे अपघात पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेले. भाच्याच्या बाबतीतही सकाळचे सगळे सुरळीत गेले आणि घोटाळा जेवणानंतर झाला. म्हणून पहिल्या दिवशी जेवढे लक्ष, तेवढेच तिसऱ्या दिवशी ठेवावे लागते. पेट्रोलपंपातून, हॉटेलच्या आवारातून, मशिदीच्या पार्किंगमधून बाहेर पडताना दर वेळी शेजारच्याने विचारावे, "आपली बाजू कुठली?" आणि चालकाने तोंडाने उत्तर द्यावे. रात्रीच्या विमानाने उतरून थेट गाडी ताब्यात घेऊ नये. एक झोप काढावी आणि पहिली फेरी दिवसाउजेडी मारावी.

भाचा महिनाभराने चिपळूणला परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जायला त्याने गाडी काढली, वळणावर दिवा द्यायला गेला आणि वायपर सुरू झाले.