विश्लेषण : एक किलो वस्तुमानात चंद्रपूरची वर्षभराची वीज? E = mc² चे गणित काय सांगते?

एक किलो वस्तूचे पूर्ण ऊर्जेत रूपांतर झाले, तर अख्खे राज्य उजळेल, अशा आशयाचे मेसेज समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. त्यातला आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. चूक असते ती त्यातून काढलेल्या अर्थात. महाराष्ट्रातल्याच एका वीज केंद्राचे उदाहरण घेऊन हे गणित पाहू.

एक किलोतून किती वीज?

आइनस्टाइनने 1905 मध्ये मांडलेल्या E = mc² या सूत्रात m म्हणजे वस्तुमान आणि c म्हणजे प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे 30 कोटी मीटर. या वेगाचा वर्ग करून एक किलोने गुणले की ऊर्जा येते 9 × 10¹⁶ ज्यूल. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागाकार केला की उत्तर मिळते 2,500 कोटी युनिट.

आता महानिर्मितीचे चंद्रपूर औष्णिक वीज केंद्र घ्या. 210 मेगावॉटचे दोन आणि 500 मेगावॉटचे पाच संच मिळून क्षमता 2,920 मेगावॉट. हे सर्व संच वर्षाचे 8,760 तास पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे 2,558 कोटी युनिट वीज तयार होईल. म्हणजे वस्तुमानाच्या हिशेबात एक किलोहून किंचित जास्त. देखभाल आणि मागणीतील चढउतारामुळे कोणतेही केंद्र वर्षभर असे चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून कमी असतो.

मग कोळसा एवढा का लागतो?

एवढ्या विजेसाठी दीड कोटी टनांहून अधिक कोळसा जाळावा लागेल. कारण जळताना फक्त अणूंची जुळणी बदलते, अणू तेच राहतात. तरीही सूत्र इथेही लागू आहे. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात उष्णतेचा साधारण 35 टक्के भागच विजेत उतरतो. त्यामुळे 2,558 कोटी युनिट विजेसाठी सुमारे 7,300 कोटी युनिट इतकी उष्णता लागते. तिचे वस्तुमान जवळपास तीन किलो. कोळसा आणि हवेतला ऑक्सिजन यांचे एकत्र वजन, आणि राख, धूर व वायू यांचे वजन, यांत वर्षाला एवढाच फरक पडतो. एकट्या कोळशाशी तुलना केली तरी हे प्रमाण 500 कोटींत एक भाग. कोणत्याही वजनकाट्यावर ते दिसणार नाही. म्हणूनच E = mc² फक्त अणुऊर्जेला लागू होते, असा समज पसरला.

अणुभट्टीत तरी पूर्ण रूपांतर होते का?

नाही. तारापूरसारख्या केंद्रात युरेनियम-235 चे केंद्रक फुटून दोन लहान केंद्रके बनतात आणि काही न्यूट्रॉन सुटतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या बदलत नाही. बदलते ती त्यांना धरून ठेवणारी बंधऊर्जा, आणि तेवढेच वस्तुमान कमी होते. हे प्रमाण 0.1 टक्क्याहूनही कमी आहे. एक किलो युरेनियम-235 पूर्ण विखंडित झाले, तरी घट होते जेमतेम 0.9 ग्रॅमची. त्यातून सव्वादोन कोटी युनिट उष्णता मिळते आणि तिचाही साधारण एक तृतीयांश भागच वीज बनतो.

म्हणजे चंद्रपूरइतकी वीज विखंडनातून हवी असेल, तर एक किलो नव्हे, साडेतीन-चार टन युरेनियम-235 फोडावे लागेल. दीड कोटी टन कोळशापुढे हे नगण्यच आहे. अणुइंधनाचा खरा फायदा एवढाच आणि तो पुरेसा मोठा आहे. त्यासाठी 'पूर्ण रूपांतरा'ची अतिशयोक्ती करण्याची गरज नाही.

पूर्ण रूपांतर कुठेच होत नाही?

होते, पण ते पदार्थ आणि प्रतिपदार्थ भेटल्यावर. रुग्णालयातल्या पेट स्कॅनमध्ये पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना नष्ट करतात आणि त्यांचे सगळे वस्तुमान गॅमा किरणांच्या ऊर्जेत बदलते. मात्र वीज केंद्रासाठी लागेल तेवढा प्रतिपदार्थ निसर्गात साठवलेला सापडत नाही. तो बनवायला त्यातून मिळेल त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा खर्च होते.

दावा कसा तपासायचा?

अशा मेसेजमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. आकडा मेगावॉटमध्ये आहे की युनिटमध्ये? मेगावॉट ही क्षमता, युनिट ही ऊर्जा. वेळ सांगितल्याशिवाय त्यांची तुलना होत नाही. आणि एक किलो म्हणजे वापरलेले इंधन की कमी झालेले वस्तुमान? या दोन किलोंमध्ये अणुभट्टीत हजारपटीहून जास्त अंतर आहे आणि कोळशाच्या केंद्रात अब्जावधी पटींचे. महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घराची दहा वर्षांची वीज वस्तुमानात मोजली, तर ती जेमतेम एक मिलिग्रॅम भरते. ती घरापर्यंत आणायला मात्र कित्येक टन कोळसा जाळावा लागतो.