टायर कोण झिजवतो?

नवा टायर घेताना घरातील मोठी माणसे दुकानदाराला हमखास विचारतात, "हा किती किलोमीटर चालेल?" माझ्या मते हा प्रश्न दुकानदाराला नव्हे, गाडी चालवणाऱ्याला विचारायला हवा. टायर लवकर गेला की आपण रस्त्यांना आणि कंपनीला दोष देतो. खड्डे आहेत हे खरेच. पण बरीच झीज आपल्याच पायाने आणि हाताने होत असते, आणि तिचा आवाजही येत नाही.

मोटारीचे वजन १००० किलो धरा. प्रत्येक चाकावर सुमारे २५० किलो भार येतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल, तर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण १२५ चौरस सेंटिमीटर भरेल, म्हणजे जेमतेम तुमच्या तळहाताएवढा! गाडीचे थांबणे-वळणे सारे या चार तळहातांवर चालते.

आता ब्रेक लावू. ताशी ३६ किलोमीटर वेगाला या गाडीची गतिज ऊर्जा ५०,००० ज्यूल असते. तुम्ही म्हणाल, "सर, ब्रेक हळू लावला काय आणि करकचून लावला काय, ऊर्जा तर तेवढीच!" शंका रास्त आहे. पण ब्रेक लागताना चाक रस्त्याच्या मानाने किंचित हळू फिरते, म्हणजे रबर थोडे घसरते. हे घसरणे शेकडा १ असेल, तर ५०० ज्यूल टायरमध्ये खर्च होतात आणि बाकीची ऊर्जा मुख्यतः ब्रेक तापवते. जोरात ब्रेक दाबून घसरण शेकडा ४ झाली, की टायरच्या वाट्याला २००० ज्यूल येतात. चाक पूर्ण अडकले तर जवळजवळ सगळे ५०,००० ज्यूल रबराच्या एकाच ठिकाणी जिरतात आणि तेथे सपाट चट्टा पडतो. नव्या मोटारींतील एबीएस चाक अडकू देत नाही; मात्र जोराच्या ब्रेकने होणारी झीज ते थांबवत नाही.

वळणाचे गणित याहून मजेदार आहे. २५ मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी १८ किलोमीटरला त्वरण v²/r म्हणजे १ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, आणि ताशी ३६ ला ४. वेग दुप्पट, बल चौपट; येथपर्यंत पुस्तकात आहेच. पण वळताना टायर जिकडे तोंड करतो अगदी तिकडेच जात नाही. दोन्ही दिशांत लहानसा कोन राहतो, आणि हा कोनही बलाबरोबर साधारण चौपट होतो. रबर घासण्याचे कार्य म्हणजे बल गुणिले आडवे सरकणे. म्हणून दर मीटरला ते सोळापट होते! हळू वेगाला हा कोन १ अंश धरला, तर दर मीटरला सुमारे १७ ज्यूल खर्च होतात. दुप्पट वेगाला सुमारे २८०. वळण मात्र तेच, आणि वाचले किती, तर काही सेकंद.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. चौकातील वर्तुळाला वळसा घालताना गाडी बराच वेळ उजवीकडे वळत असते, त्यामुळे भार डाव्या, बाहेरच्या चाकांवर झुकतो. ब्रेकने तो पुढे झुकतो. आणि गाडी उभी करताना पदपथाच्या दगडी कडेला घासतो तोही पुढचा डावा टायरच! त्या बिचाऱ्याच्या मागे तिन्ही ग्रह लागलेले.

कडेचे घासणे मला सर्वांत घातक वाटते. रस्त्यावर टेकणारे रबर जाड असते, पण टायरची बाजू पातळ असते आणि तिच्या आत ताण सोसणारे धागे असतात. चाकाची लोखंडी कड आणि दगड यांच्यात बाजू चिमटली, की धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. काही दिवसांनी तेथे फुगा येतो, कारण आता आतल्या हवेला फक्त रबर थोपवून धरत असते. असा टायर दुरुस्त होत नाही आणि वेगात असताना फुटू शकतो.

घरच्या गाडीचे टायर एकदा तपासा. तळहात टायरवरून आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कंगोरे लागले, तर रबर आडवे घासले जात आहे. याला चाकांची जुळणी बिघडल्याचेही कारण असू शकते. आणि दोन्ही कडा सारख्याच झिजल्या असतील तर आधी हवा तपासा. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. वरचे रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की टायर संपला. पावसात तो खाचांतून पाणी बाहेर काढू शकत नाही.

माझ्या गाडीचा पुढचा डावा टायर त्या उंचवट्यांपर्यंत पोहोचलाच नाही. खाचा चांगल्या ५ मिलिमीटर शिल्लक होत्या, पण बाजूला लिंबाएवढा फुगा होता. मी तणतणत दुकानात गेलो. दुकानदार काही बोलला नाही. त्याने फुग्याशेजारच्या दगडाच्या पांढऱ्या ओरखड्यावर बोट ठेवले.