पाकिटावरचं चित्र बघून खरंच बिडी-सिगारेट सुटते का?

परभणी : जिंतूर असो की गंगाखेड, टपरीवर टांगलेल्या तंबाखूच्या पुड्या आणि सिगारेटची पाकिटं पाहिली की आधी दिसतं ते कॅन्सरनं सडलेलं तोंड. ३१ मे २००९ पासून देशात अशी चित्रं छापणं बंधनकारक झालं. तेव्हा पाकिटाच्या फक्त पुढच्या बाजूचा ४० टक्के भाग चित्रासाठी होता. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग त्यासाठी राखून ठेवला गेला. एवढं करूनही पिणारे पितातच, मग या चित्रांचा उपयोग काय, असं अनेकजण विचारतात.

याचं उत्तर केंद्र सरकारच्या दोन मोठ्या तंबाखू सर्वेक्षणांत सापडतं. पहिलं सर्वेक्षण २००९-१० मध्ये झालं, दुसरं २०१६-१७ मध्ये. इशारा पाहून बिडी सोडावी असा विचार मनात आला का, असं बिडी ओढणाऱ्यांना विचारलं होतं. पहिल्या वेळी शंभरातले २९ जण हो म्हणाले, दुसऱ्या वेळी ५४. सिगारेटवाल्यांमध्ये हा आकडा ३८ वरून ६२ वर गेला. म्हणजे चित्र मनाला लागतं, यात शंका नाही.

पण मागच्या वर्षभरात सोडायचा खरोखर प्रयत्न किती जणांनी केला? पहिल्या सर्वेक्षणात शंभरातल्या ३८ जणांनी, आणि दुसऱ्यातही जवळपास तेवढ्यांनीच. विचार करणारे वाढले, प्रयत्न करणारे वाढले नाहीत. या काळात देशात धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ११ टक्क्यांच्या आत आलं हे खरं. पण याच वर्षांत सिगारेटचे भाव वाढले, सिनेमागृहात जाहिराती सुरू झाल्या. त्यामुळे घट एकट्या चित्रामुळे झाली असं म्हणता येत नाही. शिवाय दुसरं सर्वेक्षण झालं तेव्हा ८५ टक्क्यांची मोठी चित्रं येऊन वर्षही झालं नव्हतं.

चित्राचा परिणाम वेगळा काढून मोजायचा, तर एका गटाला चित्र द्यावं लागतं आणि दुसऱ्याला नाही. अमेरिकेत २ हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्यांवर असा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. चार आठवडे निम्म्या लोकांच्या पाकिटावर चित्र चिकटवलं, उरलेल्यांच्या पाकिटावर फक्त लिहिलेला इशारा ठेवला. लिहिलेला इशारा पाहणाऱ्या शंभरातल्या ३४ जणांनी सोडायचा प्रयत्न केला, चित्र पाहणाऱ्यांतल्या ४० जणांनी. पण शेवटी निदान आठवडाभर एकही सिगारेट न ओढलेले पहिल्या गटात शंभरात सुमारे ४ होते, दुसऱ्यात सुमारे ६. तिथेच पुढे झालेल्या तीन महिन्यांच्या एका लहान प्रयोगात तर सोडायचे विचार वाढले, पण ओढणं कमी झालं नाही.

म्हणजे चित्र ढकलतं, पण थोडंच. शंभरात दोन माणसं म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण चित्र लाखो पाकिटांवर असतं, म्हणून त्या दोघांचीही संख्या मोठी होते. उरलेल्यांना सुटत नाही, कारण निकोटिनची तलफ चित्र बघून जात नाही. रोज तेच चित्र पाहून नजरही मरते. म्हणूनच नियमात ठराविक काळानं चित्र बदलायची सोय आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पाकीट टपरीवाल्याच्या हातात राहतं आणि गिऱ्हाईकाच्या हातात येते एकच सुटी सिगारेट. तिच्यावर ना चित्र, ना इशारा. याच कारणानं महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुटी बिडी-सिगारेट विकायला बंदी घातली. तरी सुटी सिगारेट कुठे मिळते, हे ओढणाऱ्याला सांगावं लागत नाही. तंबाखूचंही तसंच आहे. पुडीतली तंबाखू डबीत ओतली आणि पुडी फेकली, की चित्रही गेलं. राज्यात धूम्रपान करणारे शंभरात जेमतेम ४ आणि तंबाखू खाणारे २४ असल्यानं ही अडचण जास्त मोठी आहे.

चित्राशेजारी १ सप्टेंबर २०१८ पासून एक फोन नंबरही छापला जातो : १८००-११-२३५६. हा फोन फुकट लागतो आणि तंबाखू कशी सोडायची, तलफ आली की काय करायचं, हे पलीकडचा माणूस सांगतो. विचार मनात आला पण पुढचं पाऊल पडत नाही, अशा माणसासाठीच तो नंबर आहे. मात्र सुटी सिगारेट घेणाऱ्याला चित्रासारखाच हा नंबरही दिसत नाही.