‘सुलतानाचे स्वप्न’ ही सुडाची गोष्ट नाही

मागे आमच्या वाचन गटात बेगम रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाचे स्वप्न’ ही कथा वाचली. संपताच एक मुलगा म्हणाला, “बाजी, हा तर सरळसरळ बदला आहे. बायकांना कोंडले म्हणून आता पुरुषांना कोंडा!” दोन-तीन मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटल्या. त्यावर त्या दिवशी नीट बोलता आले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हा आक्षेप नवा नाही. रुकैयांचे शोहर भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते दौऱ्यावर असताना रुकैयांनी वेळ घालवायला ही गोष्ट इंग्रजीत लिहिली. परतल्यावर त्यांनी ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि ‘भयंकर सूड’ अशा अर्थाचे उद्गार काढले. म्हणजे बायकोला शिकायला, लिहायला प्रोत्साहन देणाऱ्या, भल्या माणसालाही पहिल्या वाचनात सूडच दिसला. कथा 1905 मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली. त्याला शंभरावर वर्षे झाली, तरी आपले वाचन तिथेच अडकले आहे.

आधी कथा थोडक्यात. सुलताना आरामखुर्चीत बसल्या बसल्या झोपते आणि स्त्री-राज्यात पोचते. तिथे बायका मोकळ्या रस्त्यावर फिरतात, पुरुष मर्दान्यात राहून स्वयंपाक करतात आणि मुले सांभाळतात. चूल सूर्याच्या उष्णतेवर चालते, शेत विजेवर नांगरले जाते, पाऊस पडायच्या आधीच नळ्या लावलेल्या फुग्याने ढगातले पाणी ओढून घेतले जाते. सुलतानाला उघड्या तोंडाने चालताना लाज वाटते, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हसून म्हणतात की ही अगदी पुरुषी दिसते. त्या देशात पुरुषी म्हणजे लाजाळू, भित्रे!

आता बघा, रुकैयांनी या जगात नेमके काय बदलले? पडदा काढून टाकला नाही. जनाना, भिंती, “बाहेर धोका आहे” हे कारण, सगळे जसेच्या तसे ठेवले. फक्त आत कोणी बसायचे ते बदलले. विज्ञानकथा वाचताना काय नवे आहे यावर आपली नजर जाते, हवेतली गाडी दिसते, सौरचूल दिसते. पण लेखिकेने काय बदलले नाही, हेही तितक्याच बारकाईने पाहावे लागते. तिचा युक्तिवाद तिथे असतो.

तो युक्तिवाद सारा नावाच्या बाईच्या तोंडी येतो. सुलताना म्हणते, आम्ही दुबळ्या, बाहेर पडणे आम्हाला सुरक्षित नाही. सारा विचारते, बाजारात जंगली जनावर शिरले तर काय कराल? वेड्यांच्या इस्पितळातून वेडे सुटले आणि लोकांना त्रास देऊ लागले तर काय कराल? सुलताना म्हणते, पकडून परत आत टाकू. मग सारा विचारते, शहाण्यांना आत कोंडून वेड्यांना मोकळे सोडणे तुम्हाला शहाणपणाचे वाटते का? तुमच्या देशात तर नेमके हेच चालते.

यात रुकैयांनी विरोधकाचे म्हणणे खोडलेले नाही, मान्य केले आहे. ठीक आहे, धोका आहे. मग धोका ज्याच्यामुळे आहे त्याला आत ठेवा. “बाईच्या सुरक्षेसाठी” हे कारण प्रामाणिक असेल तर त्यातून हाच निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष तुम्हाला हास्यास्पद वाटत असेल, तर कारणच प्रामाणिक नव्हते.

ताकदीची बाबही तशीच. पुरुष बलवान, म्हणून राज्य त्यांचे? सारा म्हणते, सिंह माणसाहून बलवान असतो, म्हणून तो माणसावर राज्य करत नाही. आणि कामाचे? पुरुष कचेरीत सात-सात तास बसतात, पण एक चिरूट अर्ध्या तासाचा, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे सहा तास धुरात गेले. बायका तेच काम दोन तासांत आटोपतात. हा विनोद आहे, पण हिशेब मांडून केलेला.

सत्ता बदलली कशी, हे तर सूडवाल्यांनी पुन्हा वाचावे. राजकीय गुन्ह्यामुळे अडचणीत आलेले शेजारच्या देशातले काही लोक या देशात आसऱ्याला येतात. तिथला राजा त्यांना परत मागतो. राणी नकार देते, कारण आश्रिताला हाकलणे तिच्या तत्त्वात बसत नाही. त्यावरून लढाई होते आणि पुरुषांचे सैन्य हरत जाते. तोवर विद्यापीठांत बायका संशोधन करत होत्या आणि लष्कर वाढवण्यात गुंतलेले पुरुष त्याला भावनिक वेड म्हणून हसत होते. शेवटी एका विद्यापीठाच्या प्राचार्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणांगणावर जातात आणि साठवलेली सूर्याची उष्णता शत्रूवर सोडतात. जाण्याआधी त्यांची एकच अट असते, आमच्या पडद्यासाठी पुरुषांनी आत जावे. थकलेले, जखमी पुरुष ती विनातक्रार मानतात. म्हणजे त्यांना कोणी पकडून कोंडले नाही. त्यांच्याच पडद्याच्या नियमाने ते आत गेले आणि नंतर बाहेर यायचा रस्ता उरला नाही. पुढे पोलिस आयुक्त आणि मॅजिस्ट्रेट अर्ज करतात, आम्हाला आमच्या जागा परत द्या. उत्तर मिळते, गरज पडली तर बोलावू.

तो अर्ज वाचताना आमच्या गटातला मुलगा अस्वस्थ झाला होता. माझ्या मते कथेचे काम तिथे झाले. जन्मावरून एखाद्याला आत बसवणे अन्याय आहे, हे त्याला पहिल्यांदा आतून कळले. स्त्री-राज्य निर्दोष नाही. तिथे राणीचा हुकूम चालतो आणि मर्दान्यातल्या कोणाला काय वाटते हे कोणी विचारत नाही. ज्या मुलींनी टाळ्या वाजवल्या त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक वाचक आहे, आपल्या बाहेरचा. त्याला ही कथा आपल्याला झोडपायची काठी म्हणून हवी असते. त्याने हेही वाचावे की या राज्यातला धर्म प्रेम आणि सत्यावर उभा आहे, आणि लेखिकेने पुढे आयुष्यभर मुस्लिम मुलींची शाळा चालवली. त्या शाळेची एक हकिगत त्यांनी 1931 च्या ‘अवरोधबासिनी’त सांगितली आहे. पडद्यासाठी शाळेची बस इतकी बंद केली होती की आत मुली घुसमटून बेशुद्ध पडत. म्हणून बंद झडपांच्या जागी पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात अशी धमकीवजा पत्रे आली. कल्पनेतल्या देशाची गरज का पडली, ते या बसने कळते. खऱ्या जगात वाद झडपेवर आणि पडद्यावरच अडला होता. मुलींनी का घुसमटायचे, हा प्रश्न कोणी ऐकायला तयार नव्हते.

मी अकरावीत असताना माझा संध्याकाळचा क्लास बंद झाला, कारण कोपऱ्यावर मुले उभी राहायची. अब्बांचा हेतू चांगला होता. ती मुले मात्र तिथेच उभी राहिली, त्यांचा कोणताच क्लास बंद झाला नाही. तुमच्या घरात आज असा निर्णय होत असेल तर भांडू नका. साराचा प्रश्न शांतपणे विचारा, धोका कोणापासून आहे आणि आत कोण बसते आहे?